ईटीएफचा भाव एनएव्हीपासून किती लांब गेला की दखल घ्यावी?

न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदलेला आणि टोकियोतले शेअर धरून बसलेला एखादा ईटीएफ, म्हणजे शेअरसारखाच बाजारात विकला-घेतला जाणारा फंड, घ्या. दिवसाच्या शेवटी त्याचा भाव ५१.१० डॉलर आणि संध्याकाळी जाहीर झालेली एनएव्ही, म्हणजे एका युनिटमागचं निव्वळ मूल्य, ५०.०० डॉलर. भागाकार केला की २.२ टक्के प्रीमियम निघतो. अमेरिकेतल्या मोठ्या शेअरांच्या ईटीएफमध्ये एवढा फरक दिसला तर खडबडून जागं व्हावं. या फंडाच्या बाबतीत मात्र तो बहुधा काहीच सांगत नाही. 'बहुधा' म्हणून भागत नाही, हिशोब करून ठरवावं लागतं. तो हिशोब याच फंडावर आणि याच आकड्यांवर पायरीपायरीने करू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पद्धत मात्र कुठल्याही ईटीएफला लागू पडते.

आधी दोन्ही आकडे येतात कुठून ते पाहू. भाव ठरतो बाजारात, घेणारा आणि विकणारा यांच्यात. एनएव्ही ठरते फंडाच्या हिशोबात: फंडाकडच्या सगळ्या शेअरांची किंमत, त्यात रोकड मिळवायची, देणी वजा करायची आणि एकूण युनिटांनी भागायचं. दोन्ही एकमेकांना धरून राहतात ते अधिकृत सहभागी म्हणून नेमलेल्या मोठ्या दलाल संस्थांमुळे. भाव वर गेला की या संस्था मूळ शेअर विकत घेतात, ते फंडाला देऊन नवे युनिट मिळवतात आणि बाजारात विकतात. भाव खाली आला की उलटं करतात, म्हणजे युनिट गोळा करून फंडाला परत देतात आणि शेअर घेऊन विकतात. मधला फरक हा त्यांचा नफा, आणि त्या नफ्याच्या ओढीनेच फरक मिटतो. म्हणून फरक टिकून राहिला तर दोनच शक्यता उरतात: आपल्याला दिसणारा फरक मुळात खराच नाही, किंवा या ये-जा करण्यात कुठेतरी अडथळा आला आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन शक्यता वेगळ्या करण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: एकाच दिवसाचे, कच्चे आकडे

सूत्र सोपं आहे. स्प्रेडशीटमध्ये B रकान्यात बंद भाव आणि C मध्ये एनएव्ही असेल तर:

```
=(B2/C2-1)*100
```

उत्तर धन आलं तर प्रीमियम, ऋण आलं तर डिस्काउंट. सूत्र चुकत नाही, त्यात घातलेले आकडे चुकतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो समायोजित भावांमुळे. भावांचा इतिहास देणाऱ्या बऱ्याच ठिकाणी 'ॲडजस्टेड क्लोज' नावाचा रकाना असतो. त्यात आजवर वाटलेल्या लाभांशाच्या हिशोबाने मागचे भाव कमी करून दाखवलेले असतात. एनएव्हीचा इतिहास तसा कमी केलेला नसतो. दोन्ही एकत्र ठेवले की मागे जाल तसा डिस्काउंट वाढत जातो: गेल्या वर्षी दोन टक्के, पाच वर्षांपूर्वी दहा टक्के. आलेख पायऱ्यापायऱ्यांनी चढत आजच्या तारखेला शून्यावर येतो. असा जिना दिसला की फंडाचा अभ्यास थांबवा आणि रकाना बदला. युनिटचं विभाजन झालं असेल तरीही हेच होतं, फक्त तिथे जिना नसून एकच मोठी उडी दिसते.

दुसरा घोळ तारखेचा. एनएव्ही संध्याकाळी उशिरा जाहीर होते. काही ठिकाणी तिच्यापुढे ती ज्या दिवसाची आहे ती तारीख असते, तर काही ठिकाणी ती ज्या दिवशी हाती आली ती. एका दिवसाचा हा सरकाव वरवर कळत नाही. ओळखायची खूण अशी: तुमचा प्रीमियम आणि त्या दिवसाचा फंडाचा चढउतार जवळजवळ एकसारखे दिसू लागतात, म्हणजे फंड दीड टक्का चढला त्या दिवशी प्रीमियमही दीड टक्का. खात्री करायची तर एनएव्ही एक दिवस पुढेमागे सरकवून तिन्ही वेळा प्रीमियमचं प्रमाण विचलन काढा. देशी शेअरांच्या फंडात जिथे ते सगळ्यात कमी येतं ती जोडी बरोबर. आपल्या टोकियोवाल्या फंडाला ही युक्ती नीट चालत नाही, कारण तिथे बरोबर तारखेलाही एनएव्ही शिळीच असते. म्हणून त्याच फंड कंपनीचा एखादा देशी फंड घेऊन तारखेची रीत आधी तिथे तपासा आणि मग इकडे लावा.

दुसरी पायरी: शेवटचा सौदा की मधला भाव?

बंद भाव म्हणजे बहुतेक ठिकाणी दिवसाचा शेवटचा सौदा. ज्या ईटीएफमध्ये सेकंदासेकंदाला सौदे होतात तिथे याने काही बिघडत नाही. पण कमी उलाढालीच्या फंडात शेवटचा सौदा वीस मिनिटांपूर्वीचा असू शकतो, किंवा एखाद्या घाईच्या खरेदीदाराने विक्रेत्याने मागितलेल्या भावाला उचललेला असू शकतो. तो प्रीमियम त्या एका माणसाच्या घाईचा. फंडाशी त्याचा संबंध नाही.

म्हणून बाजार बंद होतानाचे बिड, म्हणजे घेणारा देऊ करतो तो भाव, आणि आस्क, म्हणजे विकणारा मागतो तो भाव, मिळवा आणि त्यांचा मध्य घ्या. आपल्या उदाहरणात बिड ५०.८० आणि आस्क ५१.१० होता, म्हणजे शेवटचा सौदा आस्कवर झाला. मध्य येतो ५०.९५. एवढं केल्यावर प्रीमियम २.२ वरून १.९ टक्क्यांवर आला. बिड आणि आस्कमधलं अंतरही लिहून ठेवा: ३० सेंट, म्हणजे मध्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ०.३ टक्के. यापेक्षा लहान फरकाला अर्थ नाही, कारण तो पट्टा ओलांडल्याशिवाय तो कुणाच्याच हाती लागू शकत नाही.

बिड-आस्कचा इतिहास फुकट मिळवणं कठीण जातं, हे खरं. बऱ्याच फंड कंपन्या स्वतःच्या संकेतस्थळावर प्रीमियम-डिस्काउंटचा इतिहास देतात. तो आधी बघा. अमेरिकेत तर २०१९ साली आलेल्या ६सी-११ या नियमाखाली तिथल्या नियामकाने, एसईसीने, ईटीएफना एनएव्ही, बाजारभाव आणि त्यांच्यातला फरक रोज जाहीर करणं बंधनकारक केलं आहे.

तिसरी पायरी: घड्याळ जुळवणं

खरी मेहनत इथे आहे.

टोकियोचा शेअर बाजार तिथल्या दुपारी साडेतीनला बंद होतो. (५ नोव्हेंबर २०२४ च्या आधी तो तीनलाच बंद व्हायचा. त्याआधीचा इतिहास वापरणार असाल तर हा अर्धा तास लक्षात असू द्या.) त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात पहाटेचे अडीच आणि हिवाळ्यात दीड वाजलेले असतात. आपल्या ईटीएफचा भाव मात्र न्यूयॉर्कच्या दुपारी चारला ठरतो. म्हणजे एनएव्हीमध्ये बसलेल्या शेअरांच्या किमती साडेतेरा ते साडेचौदा तास जुन्या आहेत. या वेळात युरोपचा पूर्ण दिवस होऊन गेला, अमेरिकेचाही झाला, एखादी मोठी बातमी आली, तिकडे टोकियोत सगळे झोपलेले. ईटीएफचा भाव या सगळ्याची दखल घेतो, एनएव्ही घेत नाही. म्हणून ज्या दिवशी टोकियो बंद झाल्यावर जग वर जातं त्या दिवशी प्रीमियम दिसतो, खाली जातं त्या दिवशी डिस्काउंट.

दिवसभर काही सेकंदांनी बदलणारा, एनएव्हीचा अंदाज देणारा आयएनएव्ही नावाचा आकडा दिसतो तो याला उपाय आहे असं अनेकांना वाटतं. तो उपाय नाही. मूळ बाजार बंद असेल तर त्यातही शेअरांच्या शेवटच्याच किमती असतात, हलत असतो तो साधारणपणे फक्त चलनाचा दर. आकडा हलताना दिसतो म्हणून तो ताजा वाटतो, आणि म्हणूनच तो संध्याकाळच्या एनएव्हीपेक्षा जास्त फसवतो.

उपाय हा की, टोकियो झोपलेलं असताना त्याच शेअरांबद्दल बोलणारा दुसरा भाव शोधायचा. जपानी शेअरांच्या निक्केई २२५ निर्देशांकाचे फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, शिकागोच्या सीएमई बाजारात जवळजवळ चोवीस तास चालतात. त्यातले येनमध्ये मोजले जाणारे घ्या. दोन आकडे हवेत: टोकियो बंद झालं त्या क्षणाचा फ्युचर्सचा भाव आणि न्यूयॉर्क बंद होतानाचा. आपल्या दिवशी हा भाव १.९ टक्के वर गेला होता.

मग चलन. एनएव्ही डॉलरमध्ये काढताना फंडाने येनचा कुठल्या वेळचा दर वापरला, ते फंडाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. अनेक फंड लंडनच्या दुपारी चारचा दर घेतात, म्हणजे न्यूयॉर्कचे साधारण सकाळचे अकरा. तेव्हापासून चार वाजेपर्यंत येन किती हलला तेवढंच धरायचं. समजा तो ०.३ टक्क्यांनी उतरला. आता एनएव्ही ताजी करू:

```
50.00 * 1.019 * 0.997 = 50.80
```

मधला भाव ५०.९५, ताजी केलेली एनएव्ही ५०.८०. उरला प्रीमियम ०.३ टक्के. सुरुवातीचे २.२ टक्के इथवर आले. त्यातले ०.३ शेवटच्या सौद्याचे होते, जवळपास १.६ घड्याळाचे. राहिलेला तेवढाच फंडाचा म्हणता येईल, आणि तो बिड-आस्कच्या पट्ट्याच्या काठावर आहे.

इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, फंडाचा निर्देशांक निक्केई नसेल तर फ्युचर्सची हालचाल जशीच्या तशी लावू नका. गेल्या वर्षभराचे एनएव्हीचे येनमधले रोजचे बदल आणि निक्केईचे रोजचे बदल शेजारी ठेवून स्प्रेडशीटच्या SLOPE सूत्राने उतार काढा, म्हणजे निक्केई एक टक्का हलला की एनएव्ही किती हलते ते. तो ०.८५ आला तर १.९ ऐवजी १.६ टक्के धरा. दुसरी, टोकियोला सुटी असेल तेव्हा फ्युचर्सचा बदल शेवटच्या उघड्या दिवसापासून मोजा, कालपासून नाही. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला जपानमध्ये लागोपाठ सुट्या येतात. त्या दिवसांत शेअरांच्या किमती थिजलेल्या आणि फंड न्यूयॉर्कमध्ये रोज फिरतोय. कालपासून मोजणाऱ्याला तिसऱ्या दिवशी मोठा प्रीमियम दिसतो, जो त्याने स्वतःच तयार केलेला असतो.

चौथी पायरी: 'नेहमीपेक्षा वेगळं' म्हणजे किती?

एक टक्का ओलांडला की लाल दिवा, असा सगळ्यांसाठी एकच नियम करणं सोयीचं आहे आणि निरुपयोगी आहे. अमेरिकन शेअरांच्या मोठ्या फंडात ०.२ टक्के हीसुद्धा बातमी असू शकते आणि कमी प्रतीच्या रोख्यांच्या फंडात एक टक्का हा साधा मंगळवार. प्रत्येक फंडाची तुलना त्याच्याच इतिहासाशी करायची.

मी त्यासाठी मागच्या १२० कामकाजी दिवसांचा मध्यक घेतो. विखुरणं मोजायला प्रमाण विचलनाऐवजी मध्यकापासूनच्या अंतरांचा मध्यक वापरतो. संख्याशास्त्रात त्याला एमएडी म्हणतात. प्रमाण विचलन इथे का नको? कारण त्यात एखाद्या वेड्या दिवसाचा आकडा वर्गाने मोजला जातो. एकदा पाच टक्क्यांचा डिस्काउंट येऊन गेला की पुढचे सहा महिने मोजपट्टी इतकी सैल होते की दोन टक्क्यांचाही दिवा लागत नाही. मध्यकाला तसल्या दिवसाचं फारसं काही वाटत नाही. एमएडीला १.४८२६ ने गुणलं की तो प्रमाण विचलनाच्या मापात येतो आणि 'नेहमीच्या तिप्पट लांब' अशी ओळखीची भाषा वापरता येते.

हे हाताने करण्यात अर्थ नाही. पायथनमध्ये एवढंच लागतं. fut आणि fx या रकान्यांत वरच्या पायरीतले दोन बदल अपूर्णांकात लिहायचे, म्हणजे 0.019 आणि -0.003:

```python
import numpy as np
import pandas as pd

df = pd.read_csv("etf.csv", parse_dates=["date"], index_col="date")

mid = (df["bid"] + df["ask"]) / 2
fair = df["nav"] * (1 + df["fut"]) * (1 + df["fx"])
half = (df["ask"] - df["bid"]) / 2 / mid * 100

df["raw"] = (df["close"] / df["nav"] - 1) * 100
df["res"] = (mid / fair - 1) * 100

def mad(x):
    return np.median(np.abs(x - np.median(x)))

past = df["res"].shift(1).rolling(120)
scale = (1.4826 * past.apply(mad, raw=True)).clip(lower=0.05)
df["z"] = (df["res"] - past.median()) / scale
df["flag"] = (df["z"].abs() > 3) & (df["res"].abs() > half)
```

यातल्या तीन जागा मुद्दाम तशा ठेवल्या आहेत. `shift(1)` मुळे आजचा आकडा आजच्याच मोजपट्टीत जात नाही. `clip` नसेल तर अतिशय शांत फंडात एमएडी शून्याजवळ जातो आणि शंभरावा हिस्सा टक्क्याच्या फरकालाही दिवा लागतो. आणि शेवटची अट बिड-आस्कची: फरक त्या पट्ट्याच्या आतला असेल तर कितीही असामान्य असला तरी सोडून द्या.

आपला दिवस यातून काढून पाहू. समजा या फंडाच्या कच्च्या प्रीमियमचा मध्यक ०.०५ आणि एमएडी ०.४५ टक्के आहे. मग विखुरणं ०.६७ येतं आणि २.२ टक्के हा आकडा नेहमीच्या ३.२ पट लांब पडतो. दिवा लागला. घड्याळ जुळवलेल्या फरकाचा मध्यक तोच ०.०५, पण एमएडी ०.१०, म्हणजे विखुरणं ०.१५. आपले ०.३ टक्के त्यात १.७ पट लांब. दिवा नाही. एकाच दिवसाची दोन उत्तरं आली आणि दुसरं बरोबर आहे. याचा आणखी एक फायदा लक्षात घ्या. कच्च्या मोजपट्टीवर ०.८ टक्क्यांचा खरा प्रीमियम कधीच दिसला नसता, कारण तो तिथल्या नेहमीच्या गोंधळात बुडून गेला असता. जुळवलेल्या मोजपट्टीवर तो पाचपट लांब उभा राहतो.

पाचवी पायरी: दिवा लागल्यावर कोण कुणाकडे आलं ते बघा

घड्याळ जुळवूनही फरक मोठा आणि असामान्य निघाला, मग पुढे काय? इथे लोक भाव चुकीचा आहे असं गृहीत धरतात. तसं धरू नका. दोन आकड्यांपैकी चुकीचा कुठला, हे पुढचे दिवस सांगतात. प्रीमियम दिसल्यानंतर एनएव्ही वर येऊन भावाला मिळाली तर भाव बरोबर होता आणि एनएव्ही मागे होती. भाव खाली येऊन एनएव्हीला मिळाला तर प्रीमियम खरा होता आणि त्या दिवशी घेणाऱ्याने तेवढे पैसे जास्त मोजले.

एका दिवसावरून हे ठरत नाही, वर्षाच्या इतिहासावरून ठरतं. एका रकान्यात आजचा प्रीमियम, दुसऱ्यात उद्याचा एनएव्हीतला टक्केवारी बदल, तिसऱ्यात उद्याचा भावातला बदल. पहिल्याच्या तुलनेत बाकी दोघांचा SLOPE काढा. आपल्या फंडाच्या कच्च्या प्रीमियमला एनएव्हीचा उतार एकच्या आसपास आणि भावाचा शून्याच्या आसपास यायला हवा. तो प्रीमियम म्हणजे उद्याच्या एनएव्हीची आजच मिळालेली बातमी असते. जुळवलेल्या फरकाला उलटं दिसायला हवं: एनएव्ही हलत नाही, भाव मागे येतो. तसं दिसत नसेल तर तिसऱ्या पायरीत काहीतरी चुकलं आहे, बहुतेक वेळा फ्युचर्सची वेळ.

भाव मागे येणारा प्रीमियम निर्माण कसा होतो, याचं ठळक उदाहरण २०१२ सालचं आहे. व्हीआयएक्स हा अमेरिकी शेअर बाजाराची अस्थिरता मोजणारा निर्देशांक, आणि टीव्हीआयएक्स ही त्याच्या फ्युचर्सच्या दुप्पट चालणारी, बाजारात विकली जाणारी नोट, म्हणजे बँकेचं कर्जपत्र, होती. काटेकोरपणे ती फंड नव्हती, पण भाव मूल्याला बांधून ठेवण्याची यंत्रणा तशीच. ती काढणाऱ्या क्रेडिट सुईस बँकेने २१ फेब्रुवारी २०१२ ला नव्या नोटा काढणं थांबवलं. मागणी चालूच राहिली, नवा पुरवठा बंद. महिन्याभरात प्रीमियम जवळपास ९० टक्क्यांवर गेला. मार्चच्या चौथ्या आठवड्यात नोटा पुन्हा काढायचं जाहीर होत असतानाच भाव कोसळला. व्हीआयएक्सच्या फ्युचर्समध्ये तसं काही घडलेलं नव्हतं, नाहीसा झाला तो फक्त प्रीमियम.

म्हणून प्रीमियमचा दिवा लागला की पहिला प्रश्न: नवे युनिट निघणं चालू आहे का? याचं उत्तर दोन ठिकाणी मिळतं. एक, फंड कंपनीची सूचना. दोन, एकूण युनिटांचा रोजचा आकडा. भाव प्रीमियमवर असताना युनिट वाढत असतील तर अधिकृत सहभागी कामाला लागले आहेत आणि फरक मिटायच्या वाटेवर आहे. प्रीमियम चढा आणि युनिटांचा आकडा दिवसामागून दिवस तसाच, ही जोडी दिसली तर दार बंद आहे असं समजून चौकशी करा, सूचना सापडली नाही तरी. डिस्काउंटच्या वेळी हेच उलट बाजूने: युनिट कमी होत आहेत का ते बघा.

कधीकधी दार आणि घड्याळ दोन्ही एकाच वेळी बंद होतात. जानेवारी २०११ च्या अखेरीस कैरोचा शेअर बाजार बंद झाला तो थेट २३ मार्चला उघडला. न्यूयॉर्कमध्ये नोंदलेला इजिप्तचा ईटीएफ या काळात फिरत राहिला, नवे युनिट काढणं थांबवलं गेलं आणि भाव एनएव्हीच्या वर गेला. अशा वेळी तिसऱ्या पायरीला आधारच उरत नाही. त्या शेअरांबद्दल बोलणारं ईटीएफखेरीज फारसं काही उरलेलंच नसतं. असा दिवस मोजपट्टीबाहेर काढून 'मोजता येत नाही' असं लिहावं. शून्य लिहू नये आणि प्रीमियमही लिहू नये.

रोख्यांच्या फंडात वेगळं काय

रोख्यांना घड्याळाचा नव्हे, सौद्यांचा तुटवडा असतो. फंडातले कित्येक रोखे त्या दिवशी विकलेच गेलेले नसतात. त्यांच्या किमती मूल्यांकन सेवा अंदाजाने देतात, आणि त्याही बऱ्याचदा बिडच्या बाजूच्या. म्हणजे एनएव्ही मुळातच जरा खालची. त्यामुळे शांत काळात या फंडांत थोडासा प्रीमियम कायम दिसतो. चौथ्या पायरीत मध्यक वजा करतो तो यासाठीच: शून्याशी तुलना केली असती तर हे फंड वर्षभर महाग दिसले असते.

मार्च २०२० मध्ये हेच चित्र उलटलं. १२ मार्चला व्हॅनगार्डचा बीएनडी हा अमेरिकन रोख्यांचा अवाढव्य फंड एनएव्हीपेक्षा सहा टक्क्यांहून जास्त खाली बंद झाला. कुठल्याही मोजपट्टीवर तो दिवा लागणारच. पण रोख्यांचा बाजार त्या दिवसांत जवळजवळ गोठलेला होता, एनएव्हीतल्या किमतींना तिथे कुणी गिऱ्हाईक मिळालं नसतं. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सने त्याच एप्रिलमध्ये काढलेल्या टिपणात हाच मुद्दा मांडला: ईटीएफचे भाव पुढे धावत होते आणि एनएव्ही मागून येत होती. २३ मार्चला फेडरल रिझर्व्हने कंपन्यांचे रोखे आणि त्यांचे ईटीएफ घ्यायचं जाहीर केलं तेव्हा वारं फिरलं.

अशा दिवशी उतार काढायला इतिहास पुरत नाही. त्यासाठी एक जवळची तपासणी आहे. त्याच प्रकारचे रोखे धरणारे, वेगवेगळ्या कंपन्यांचे चारपाच फंड एकत्र बघा. सगळ्यांचा डिस्काउंट एकाच दिवशी, साधारण सारखाच असेल तर एनएव्ही मागे आहेत. एकाच फंडाचा असेल आणि बाकीचे जागेवर, तर त्या फंडात काहीतरी घडलंय: मोठा विक्रेता, सतत बिड-आस्क देणारा पण आता बाजूला झालेला मार्केट मेकर किंवा परतफेडीतली अडचण. आपल्या जपानी फंडालाही ही तपासणी चालते. एनएव्हीच न वापरता त्याचा भाव दुसऱ्या जपानी ईटीएफच्या भावाशी ताडून बघा. दोघांचं घड्याळ एकच असल्यामुळे फ्युचर्स, चलन आणि सुट्या यांची कटकटच उरत नाही. वेळ कमी असेल तर मी हेच आधी करतो.

किती दिवस टिकला

दिवा एक दिवस लागला आणि विझला तर नोंद पुरे. लागोपाठ लागत राहिला तर गोष्ट वेगळी. ६सी-११ नियमातही हीच दृष्टी आहे: प्रीमियम किंवा डिस्काउंट लागोपाठ सातपेक्षा जास्त कामकाजी दिवस दोन टक्क्यांच्या वर राहिला, तर फंडाने ते जाहीर करून कारणांची चर्चा संकेतस्थळावर द्यावी लागते. ही पट्टी नियामकाची आहे, तिच्यासाठी थांबायची गरज नाही. मी स्वतः तीन दिवस लागोपाठ एकाच बाजूचा दिवा लागला की युनिटांचा आकडा आणि कंपनीच्या सूचना उघडतो.

नोंद ठेवताना फक्त प्रीमियम लिहून ठेवू नका. तारखेसमोर सात रकाने असू द्या: कच्चा फरक, जुळवलेला फरक, किती पट लांब, बिड-आस्कचं अंतर, मूळ बाजार उघडा होता की नाही, एकूण युनिट, आणि आठवड्याने भरायचा एक रकाना: भाव एनएव्हीकडे आला की एनएव्ही भावाकडे. हा शेवटचा रकाना मोकळा ठेवायचा मोह होतो, कारण तोवर फरक मिटलेला असतो आणि कुतूहलही. पण पुढच्या वेळी त्याच फंडाचा दिवा लागेल तेव्हा आधी तोच बघावा लागतो.